खाडीतली सोलापुरी बूम

गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कातळवाडी बंदराबाहेर नांगरून उभ्या असलेल्या कोळशाच्या जहाजाला एका बार्जने धडक दिली. जहाजाची इंधनाची टाकी फाटली आणि फर्नेस ऑइल समुद्रात वाहू लागलं. किती, ते तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. आदल्या दिवशी अमावास्या होती. भरती साडेपाचला लागली होती आणि जहाज किनाऱ्यापासून चार किलोमीटरवर होतं.

त्या वेळी झीनत बंदराच्या विश्रामगृहात चहाची वाट पाहत बसली होती. आज तिच्या मालाची परीक्षा होती. सोलापूरच्या अक्कलकोट रोडवर तिच्या घरचा कारखाना आहे. पूर्वी तिथे चादरी विणल्या जात, आता प्लास्टिकचा थर दिलेल्या जाड कापडाच्या बूम तयार होतात. बूम म्हणजे पाण्यावरचं तरंगतं कुंपण. वर फोमचे गोळे भरलेली नळी, खाली पाण्यात लोंबणारी झालर आणि झालरीच्या तळाला ताण घेणारी लोखंडी साखळी. अशी दोनशे चाळीस मीटर बूम ट्रकमध्ये घालून ती आणि तिचा धाकटा भाऊ शाकीर दोन दिवसांपूर्वी घाट उतरले होते. बंदराच्या आतल्या शांत पाण्यात दोन तास ती पसरायची, कुठे गळत नाही ना ते पाहायचं, की बंदराचे कॅप्टन अमृत स्वीकृतीपत्रावर सही करणार. त्या सहीनंतरच बंदर पुढची दोन किलोमीटर बूम सोलापुरातून घेणार होतं.

दार न वाजवताच सोमशेखर आत आला. बंदराच्या प्रदूषण पथकाचा प्रमुख. मूळचा अक्कलकोटचा. सोलापूरचा माल घ्या म्हणून वर्षभर भांडलेला आणि त्यापायी कचेरीत ‘गावकीवाला’ हे नाव मिळवलेला माणूस.

“झीनतताई, परीक्षा रद्द.”

“का हो?”

“खरीच आली की. तेल सुटलंय. ट्रक कुटं लावलाय तुमचा?”

शाकीर तोवर किल्ली घेऊन उभा होता. “धक्क्यावरच हाय. पण साहेब, सही झाल्याबिगर माल उतरवायचा?”

“सहीचं नंतर बघू रे. आधी उतरव.”

सात वाजता बंदराच्या नियंत्रण कक्षात नकाशा पसरला गेला. कॅप्टन अमृत हे बंदराचे प्रमुख अधिकारी. उंच, नीटनेटके, आवाज न चढवता हुकूम देणारे. त्यांनी नकाशावर खाडीच्या तोंडावर बोट ठेवलं. तोंड एकशे नव्वद मीटर रुंद. आत दोन्ही काठांना कांदळवन, आणि उत्तरेच्या काठाला तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, पुळण. ओहोटीला ती उघडी पडते आणि तिच्यावर गावातल्या साठेक बायकांचं घर चालतं.

“तेल साडेनऊच्या सुमारास इथं येईल,” कॅप्टन म्हणाले. “आपल्याकडे जुनी बूम दोनशे मीटर आहे. मॅडमची नवी दोनशे चाळीस. दोन्ही तोंडावर आडव्या टाका, एकामागे एक. दार बंद. आणि त्याच्याबाहेर तेलावर डिस्पर्संटचं औषध फवारा.”

“फवारणीला तटरक्षक दलाची परवानगी लागते, सर,” सोमशेखर म्हणाला. “मी विचारलंय.”

सात वीसला उत्तर आलं : नाही. नांगरतळाची खोली सोळा मीटर, खाडीच्या तोंडाशी तर सहाच. वीस मीटरपेक्षा उथळ पाण्यात, कांदळवनाजवळ आणि शिंपल्यांच्या पुळणीजवळ ते औषध मारता येत नाही.

“औषध मारलं की तेल जातं ना?” कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका क्लार्कने हळूच विचारलं.

“जात नाही,” झीनत म्हणाली. “वरचं खाली जातं. तवंगाचे बारीक थेंब होतात आणि पाण्यात मिसळतात. खोल दर्यात ते पातळ होऊन पसरतात. इथं सहा मीटर पाण्यात ते सरळ तिसऱ्यांच्या पोटात जातील. आणि हे फर्नेस ऑइल आहे, काकवीसारखं जाड. त्यावर औषध लागतं कमी, वाया जातं जास्त. एकदा मारलं की मग पाण्यावरून तेल उचलणाऱ्या स्किमरलाही ते धड उचलता येत नाही.”

कॅप्टननी तिच्याकडे पाहिलं. कापडवाली बाई इतकं बोलेल असं त्यांना वाटलं नसावं.

“ठीक. औषध नाही. मग बूम. आडवी.”

झीनत गप्प राहिली असती तरी चाललं असतं. दोन्ही बूम आडव्या टाकल्या असत्या, तेल खालून गेलं असतं, आणि भरतीलाच दोष देता आला असता. किंवा बोलावं, तर ज्याची सही हवी त्याच्यासमोर आपल्याच मालाचा कमीपणा सांगावा लागणार. कारखान्यात चौदा माणसं होती. प्रत्येक जोडावर तो जोडणाऱ्याचं अक्षर उमटवायची तिथली रीत होती, तिच्या वडिलांनी, मौलांनी घालून दिलेली. मौला पूर्वी मागाचे मेकॅनिक होते. ‘ज्याचा टाका त्याचं नाव’ एवढंच ते म्हणत. चादरीच्या कोपऱ्याला गिरणीचं नाव असतं तसं बूमच्या दर पंचवीस मीटरला ‘सोलापूर’ छापलेलं असे आणि त्याखाली अक्षरं.

“सर, पाण्याचा वेग मोजलाय का?” तिने विचारलं.

“उधाणाची भरती आहे. वेग असणारच.”

“मोजू या. मला एक नारळ द्या.”

शाकीरने नारळ आणला. सगळे खाडीच्या जुन्या धक्क्यावर गेले. तिथे तीस मीटर अंतराच्या दोन खुणा केल्या आणि नारळ पाण्यात सोडला. चाळीस सेकंदांत तो दुसऱ्या खुणेपाशी पोचला. पुन्हा सोडला. एकोणचाळीस.

झीनतने वहीत आकडा मांडला. “सेकंदाला पाऊण मीटर. दीड नॉटच्या जवळपास. सर, बूमला समोरून पाणी येतं तेव्हा साधारण पाऊण नॉटच्या वर ती तेल धरत नाही. बूम फाटत नाही, हलतही नाही. तेलाचे थेंब तुटतात, झालरीखालून जातात आणि मागे वर येतात. आडवी टाकली तर माझी बूम तेल थांबवणार नाही.”

धक्क्यावर दहाबारा माणसं होती. सोमशेखर खाली बघत होता.

“म्हणजे तुमचा माल नापास, असं तुम्हीच सांगताय?” कॅप्टन म्हणाले.

“या पाण्यात आडवी टाकलेली कुणाचीही बूम नापास. जगातली कुठलीही.”

“झालर आणखी खोल असती तर?”

“मग पाण्याने तिला जास्त ओढलं असतं. तेल तरीही गेलं असतं.” तिने वहीत एक तिरकी रेघ मारली. “तिरकी टाकू या. पाण्याशी अठ्ठावीस अंश. मग समोरून येणारा वेग निम्म्याहून कमी होतो आणि तेल बूमच्या कडेने सरकत काठाला लागतं. आपण अडवायचं नाही, वळवायचं. काठावर स्किमर ठेवायचा आणि उचलायचं.”

“आणि लांबी?”

हे सांगणं जास्त कठीण होतं. “दोनशे चाळीस मीटर तिरकी टाकली तर एकशे दहाच मीटर रुंदी झाकते. दक्षिणेकडची ऐंशी मीटर उघडी राहील.”

“उघडी!” कॅप्टनचा आवाज पहिल्यांदा वर गेला. “उद्या मला विचारतील, बूम असताना दार उघडं का ठेवलं? मी काय सांगू? सोलापूरच्या मॅडमनी त्रिकोणमिती केली?”

“व्हय, तसंच सांगा की सर,” सोमशेखर म्हणाला. “मी लेखी देतो. जबाबदारी माझी.”

शेवटी असं ठरलं : जुनी बूम कॅप्टनच्या म्हणण्याप्रमाणे तोंडावर आडवी. तिच्या आत चारशे मीटरवर नवी, झीनतच्या म्हणण्याप्रमाणे तिरकी.

आता प्रश्न होता तिचं आतलं टोक कुठे बांधायचं. उत्तरेचा काठ लांब होता. काठावर काही बायका जमल्या होत्या. त्यांतली बनाबाई, साठीची, तिसऱ्या काढणारी, कमरेला टोपली बांधून उभी होती.

“मावशी,” झीनतने विचारलं, “भरतीला वाहून आलेले नारळ, ओंडके कुठं लागतात?”

“आता नारळ कशाक हवे तुला? तेल येतंय म्हणतात ना?”

“जिथं नारळ लागतो तिथंच तेल लागणार.”

बनाबाईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग हात लांब केला. “तो काळा कातळ दिसतोय? त्याच्या पाठी. तिथं पाणी फिरतं नि निजतं. गेल्या साली म्हैस वाहून आलेली, ती पण तिथंच लागली.”

“तिथून पुळण किती लांब?”

“पुळण आत, दोन हाका लांब. कातळाशी थांबवलंस तर वाचली. नाय तर मेली.”

शाकीर नावेत चढला. कोळ्यांच्या दोन यांत्रिक नावा बूम ओढायला घेतल्या होत्या. पहिल्याच खेपेला नावाड्याने दोर बूमच्या वरच्या कापडी हँडलला बांधला.

“ओ दादा! हँडल उचलायला असतंय, ओढायला न्हाई!” शाकीर ओरडला. “टोकाच्या पट्टीला बांधा, साखळीच्या. सगळा जोर साखळीवर गेला पायजे. कापडावर न्हाई.”

“बूम तुझी की बायको?” नावाडी हसला.

“बायको असती तर इतकं सांगावं लागलं नसतं. तिनंच बुडवलं असतं तुमाला.”

सहा नांगर पडले. बूमचं बाहेरचं टोक खाडीच्या मध्यावर, आतलं टोक काळ्या कातळामागे वाळूत. नऊला पाच कमी असताना केशरी रेघ पाण्यावर तिरकी पडली. थोडी वाकली, नांगराच्या दोरांनी ताठ झाली आणि थांबली. झीनत काठावरून जोड मोजत गेली. म, बा, शि, झी. ‘म’ तिची आई मदिनाबी. ‘शि’ शिवलिंगप्पा, पूर्वी जॅकार्ड मागावर चादरी विणणारा. सोलापुरात या वेळी ही सगळी मशीनवर बसलेली असतील. आपला टाका कुठल्या पाण्यात उभा आहे, त्यांना ठाऊक नव्हतं.

नऊ वाजून बावीस मिनिटांनी तेल आलं. आधी वास, मग पाण्यावर तपकिरी कातडं. जुन्या आडव्या बूमशी ते थांबलं, जाड झालं. धक्क्यावर कुणीतरी टाळी वाजवली. कॅप्टनचे खांदे सैल झाले.

चार मिनिटांनी बूमच्या मागे, दहाएक मीटरवर, पाण्यातून काळे थेंब वर आले. मग आणखी. मग जणू कुणी खालून पळी घालून उलटी करतंय तसे गोळे वर येऊन फुटत गेले. बूम जागच्या जागी होती. शाबूत. तेल तिच्या पोटाखालून निघालं होतं.

कॅप्टननी दुर्बीण खाली घेतली. झीनतने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आपल्या चेहऱ्यावर काय दिसेल याची तिला खात्री नव्हती.

तेल पुढे आलं आणि सोलापुरी बूमला लागलं. लागलं आणि सरकलं. रांगेत लागल्यासारखं बूमच्या कडेकडेने कातळाकडे निघालं. झालरीमागे पाणी स्वच्छ. झीनतने शंभर मोजले. पुन्हा शंभर मोजले. मागे थेंब नाही.

“आपा,” शाकीर नावेतून ओरडला, “पकड्या! पकड्या बराबर!”

तिने हात वर केला. तेवढंच. पण ओढणीचं टोक दातात धरलेलं होतं हे तिच्या नंतर लक्षात आलं.

दक्षिणेकडच्या ऐंशी मीटरमधून मात्र तेल आत जात होतं. पातळ, लांब पट्टे. ते सगळ्यांना दिसत होतं. लपवायला काही नव्हतं.

कातळामागे आता तेलाचं डबकं साचू लागलं. सोमशेखरच्या पथकाने दोन स्किमर लावले होते. एक साधा, पाण्याच्या पातळीखाली ओठ ठेवून वरचा थर आत ओढणारा. तो तेलापेक्षा पाणीच जास्त पीत होता, आणि नारळाच्या झावळ्या नि प्लास्टिक अडकून दर दहा मिनिटांनी बंद पडत होता. दुसरा ब्रशचा. ब्रश फिरतात, जाड तेल त्यांना चिकटतं, पट्टीने खरवडून टाकीत पडतं. फर्नेस ऑइलला तोच बरा. पण तो एकच होता.

“पाणी कधी थांबतंय?” झीनतने विचारलं.

“पावणेबाराला भरती पुरी,” बनाबाई म्हणाली. “मग उलटं.”

तीच खरी वेळेची मर्यादा होती. बूम भरतीसाठी बांधलेली होती. ओहोटी लागली की पाणी उलट्या बाजूने येणार, आणि साचवलेलं तेल बूमपासून सुटून पुन्हा खाडीभर होणार. सकाळचं सगळं काम फुकट. तोवर डबकं उपसायचं किंवा बंद करायचं.

बनाबाईने टोपली काढून वाळूत ठेवली. बायकांनी पथकाचे हातमोजे आणि बूट चढवले आणि लांब दांड्याच्या जाळ्यांनी झावळ्या, बाटल्या, चपला बाहेर ओढायला सुरुवात केली. “बघ गो, तेलाच्या निमतान खाडी तरी झाडली,” एकजण म्हणाली. साधा स्किमर त्यानंतर बंद पडला नाही.

सव्वाअकराला डबक्याचा निम्म्याहून अधिक भाग उपसून झाला. अर्ध्या तासात बाकीचं उपसणं शक्य नव्हतं.

“बाहेरचं टोक सोडा,” झीनतने सांगितलं. “पाणी थांबायला आलं की ते टोक वळवून काठाला आणा, कातळाच्या अलीकडे. दोन्ही टोकं वाळूत, मध्ये डबकं. मग पाणी कुठूनही येऊ दे.”

अकरा सदतीसला नावेने टोक ओढायला घेतलं. घाईत कुणीतरी दोर पुन्हा हँडलला बांधला होता. कापड फाटल्याचा आवाज काठावर ऐकू आला. हँडल उपटून नावेत पडलं, टोक मोकळं झालं आणि पाण्यावर भरकटू लागलं.

झीनत जागच्या जागी उभी राहिली. शाकीरने अंगातलं लाइफ जॅकेट आवळलं आणि उडी मारली. पोहत टोकाशी गेला, काळ्या हातांनी पट्टीतला दोर ओवला, गाठ मारली, हात हलवला. नाव हळू पुढे झाली. या वेळी ताण साखळीवर गेला. टोक वळलं. अकरा शेहेचाळीसला ते वाळूत रुतलं आणि सोमशेखरच्या माणसांनी त्यावर वाळूची पोती टाकली.

मग पाणी थांबलं. थोडा वेळ खाडीत काहीच हललं नाही. मग पाण्यावरचं एक पान उलट, समुद्राकडे निघालं. बूम एकदा फुगली, कुरकुरली. तेल आतच राहिलं.

“नावाडीदादा,” शाकीर वाळूत आडवा पडून म्हणाला, “बायको न्हाई बुडवली, मीच बुडालो.”

नावाड्याने त्याला स्वतःची कोरडी लुंगी दिली.

सोमशेखर झीनतजवळ येऊन उभा राहिला. “ताई, लई झालं. माझ्या कचेरीत आता गावकीवाला म्हणू द्या. मी पाटी लावून घेतो.”

दुपारी तिने मौलांना व्हिडिओ कॉल केला. मागे मशीनचा आवाज होता, तो बंद झाला आणि चौदा तोंडं पडद्यावर दाटली.

“टिकी?” मौलांनी विचारलं.

“टिकी, अब्बा. तिरकी टाकली म्हणून. आडवी टिकली नसती.”

“आडवी कशाला टिकंल? नाव दिसतंय?”

तिने फोन बूमकडे वळवला. सगळं काळं होतं. बनाबाईने हातमोज्याने एक पट्टा पुसला. केशरी कापडावर ‘सोलापूर’ दिसलं आणि खाली ‘म’. पलीकडे मदिनाबीने शेजारणीला कोपराने ढोसलं.

“आणि एक हँडल उपटलं,” झीनत म्हणाली. “दोनदा त्यालाच दोर बांधला लोकांनी. माणसं घाईत जिथं हात पोचेल तिथंच बांधणार.”

मौला पडद्याजवळ आले. “मग चूक आपली. हँडलवर लिहायला पायजे होतं. उद्यापासून लिहू.”

साडेतीन वाजता कॅप्टन अमृत कातळाशी आले. बूट चिखलात घालून वाकले, झालरीमागचं पाणी पाहिलं, उपटलेल्या हँडलची जागा पाहिली. खिशातून स्वीकृतीपत्र काढलं.

“शांत पाण्यातली दोन तासांची परीक्षा झालेली नाही,” ते म्हणाले. “फॉर्मवर तोच रकाना आहे. दुसरा नाही.”

“मग तो रिकामा ठेवा, सर. जे झालं तेच लिहा. हँडलचंही लिहा.”

त्यांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पेन काढलं, उभ्याउभ्याच मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागले. पाण्याचा वेग, अंश, वेळा. झीनतला वाचता येत होतं. ‘उत्पादकाने मर्यादा आधी सांगितली होती’ हे वाक्य लिहून त्यांनी ते अधोरेखित केलं. मग कागद खिशात घातला. सही केली नव्हती.

“वरच्या कचेरीला विचारावं लागेल,” ते म्हणाले. निघताना थांबले. “मॅडम, पुढच्या वेळी नारळ माझ्याकडून.”

शनिवार सकाळपर्यंतची स्थिती अशी. जहाजातून सुमारे चाळीस टन तेल सांडलं असा बंदराचा अंदाज आहे. काळ्या कातळाशी अकरा टन द्रव उचलला, त्यात पाणी मिसळलेलं. तो निवळल्यावर निव्वळ तेल सहा टनांच्या आसपास भरेल. तटरक्षक दलाचं जहाज गुरुवारी दुपारी आलं. दोन नावांमध्ये बूम ताणून, चालत्या माणसापेक्षाही हळू जात, त्याने बाहेर आणखी तीन टन गोळा केलं. संध्याकाळी लाटा मीटरभर उंच झाल्या, तेल बूमवरून उडू लागलं, तेव्हा ते काम थांबवावं लागलं. दक्षिण काठच्या कांदळवनात साडेतीनशे मीटर लांब काळी रेघ उमटली आहे. ती हाताने पुसण्याचं काम सुरू आहे. उरलेला एक तवंग दक्षिणेकडे सरकतो आहे. तो किनाऱ्याला लागेल की नाही, हे वाऱ्यावर आहे.

गुरुवारी सायंकाळी ओहोटीला तिसऱ्यांची पुळण उघडी पडली. बनाबाई आणि झीनत अनवाणी चालत तिच्या टोकापर्यंत गेल्या. वाळू वाळूच्या रंगाची होती. बनाबाईने बोटांनी उकरून दोन तिसऱ्या काढल्या, वास घेतला आणि झीनतच्या नाकाशी धरल्या. तेलाचा वास आहे की नाही, दोघींनाही कळलं नाही. नमुने बरण्यांत भरून प्रयोगशाळेकडे गेले आहेत.

अहवाल आलेला नाही. स्वीकृतीपत्र कॅप्टनच्या खिशात आहे. बूम अजून पाण्यात आहे, आणि शाकीर तिच्या हँडलांवर पांढऱ्या रंगाने लिहितो आहे : ‘इथं दोर बांधू नका.’